कोरडं वजन

"माझं वजन उतरलं ते कुणाला दिसलंच नाही, कारण मी रोज यांच्या डोळ्यांसमोरच होते," असं ती एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती इस्त्रीच्या रोलरपाशी, ओलसर चादरीचं एक टोक हातात धरून. दुसरं टोक जोडीदारणीच्या हातात होतं. रोलरच्या आवाजात जोडीदारणीला ते नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात, ताई?" तिनं विचारलं. "काही नाही. टोक सरळ धर," असं म्हणून तिनं चादर आत सोडली. चादर पलीकडून कडक, गरम होऊन बाहेर आली आणि तो विषय तिथंच मिटला.

ती लाँड्री मोठी होती. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून यायचे. धुवायचे, पिळायचे, वाळवायचे, रोलरखालून काढायचे, घड्या घालून ट्रॉलीत रचायचे. शेवटी ट्रॉली काट्यावर चढायची आणि मग गाडीत. तिथं एकाच घरच्या दोन जावा कामाला होत्या, म्हणून सगळे त्यांना 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणत. मोठी रोलरवर. धाकटी घड्यांच्या टेबलावर. धाकटीला तिथं चिकटवलं होतं मोठीनंच, पर्सोनेलच्या मॅडमपाशी शब्द टाकून. हे धाकटी कधी विसरली नाही, आणि मोठीही नाही. मोठी विसरली असती तर पुढचं सगळं तिला जरा सोपं गेलं असतं.

मोठीचं वजन पूर्वी खरंच फार होतं. जिना चढताना तिला मधल्या पायरीवर काहीतरी आठवल्यासारखं करून थांबावं लागे. मग एकदा डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, आणि साखर उंबरठ्यापर्यंत आली आहे, एवढंच सांगितलं. घाबरवलं नाही. तिला वाटलं, घाबरवलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते आणि पुन्हा तशीच राहिले असते. न घाबरवल्यामुळं तिला विचार करावा लागला. चहातली साखर तिनं आधी निम्मी केली, आणि जीभ रुळल्यावर बंद केली. ताट तेच ठेवलं, पण आधी भाजी आणि कडधान्य, मग बाकीचं. दुपारी उरलेलं संपवायची सवय सोडली. कामावरून घरी जाताना एक स्टॉप आधी उतरायला लागली. रात्री टीव्ही बंद करून वेळेवर झोपायला लागली. हे सगळं इतकं किरकोळ होतं की कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

वजन उतरलं, पण कसं, तर भिंतीवरचा ओलावा सुकतो तसं. मध्ये सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा पुन्हा थोडं चढलं. काही महिने काटा जागचा हललाच नाही. ती आपल्या गणवेशाच्या बाजूच्या शिवणी उसवून आत घ्यायची, आणि पुन्हा काही महिन्यांनी तेच. आरशासमोर उभी राहून स्वतःच स्वतःला म्हणायची, "बरं आहे." दोन वर्षांत तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला मिळाले नव्हते.

आणि मग मॅडमनी स्पर्धा काढली.

प्रवेशद्वारापाशी रंगीत कागद लागला. धुलाई, इस्त्री, घड्या आणि गाडी असे चार गट. जो गट सगळ्यांत जास्त किलो उतरवेल त्याला दोन दिवसांची भरपगारी सुट्टी. जी व्यक्ती सगळ्यांत जास्त उतरवेल तिचा फोटो दारात. वजन दर शनिवारी, ट्रॉल्या मोजतात त्याच काट्यावर. आकडा वाचायला ड्रायव्हर. त्याचा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी.

"या, या, माल चढवा!" तो ओरडायचा. "घाबरू नका काकू, याच्यावर अख्खं हॉटेल चढतं!"

पहिल्याच शनिवारी धाकटी पुढं निघून गेली. दुसऱ्या शनिवारी आणखी पुढं. तिचा चेहरा आतून कुणी ओढून घेतल्यासारखा लहान झाला. गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले, आणि काय नवल, ती सुंदर दिसायला लागली. जो तो तिच्याभोवती. "अगं, ओळखू येत नाहीस!" "काय खातेस, सांग तरी!" धाकटी हसायची आणि म्हणायची, "काय खात नाही ते विचारा."

मोठी रोलरपाशी उभी राहून हे ऐकायची. तिच्या पोटात काहीतरी बारीक, टोकदार हलायचं. तिला त्याचं नाव माहीत होतं. इतके दिवस ते नाव तिनं दुसऱ्यांसाठी वापरलं होतं, शेजारणींसाठी, नणंदेसाठी. आता ते घरचं माणूस आल्यासारखं न विचारता आत येऊन बसलं.

घरीही तेच. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "धाकटीनं मनावर घेतलं बघ. जिद्द लागते. नाहीतर आपण."

"आपण म्हणजे कोण?" मोठीनं विचारलं.

"आपण म्हणजे आपण," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलली.

त्याच सासूबाईंना मोठीनं आजारपणापासून रोज हाताला धरून उठवलं होतं. तो हात बारीक झाला, हे त्यांच्या बोटांना कधी कळलं नसेल? मोठी स्वयंपाकघरात गेली, आणि जी भांडी आधीच घासलेली होती ती पुन्हा घासली.

धाकटी रात्री जेवायला बसायची, पण ताटात हात फिरवायची फक्त. "दुपारी जड झालं, ताई," म्हणायची. मोठीला दिसत होतं की दुपारीही ती काही खात नाही. घड्या घालताना तिची बोटं थरथरायची. हे पाहून मोठीला काळजी वाटली, हे खरं. आणि त्या काळजीच्या तळाशी एक गोड, घाणेरडा घोट होता, हेही खरं. पडेल एकदा. मग कळेल सगळ्यांना.

तिसऱ्या आठवड्यात धुलाईतला एक जण कपडे पिळायच्या यंत्रापाशी डोळ्यांसमोर अंधारी येऊन खाली बसला. दोन दिवस नुसतं पाणीच घेतलं होतं, आणि त्या दिवशी तर वजनासाठी पाणीही नाही. लागलं काही नाही, पण मॅडमचं तोंड पांढरं पडलं. दुपारी त्यांनी मोठीला केबिनमध्ये बोलावलं.

"मोठ्या ताई, शनिवारी वजनाआधी पाच मिनिटं बोलाल?"

"मी? कशावर?"

"हे जे चाललंय त्यावर. मी बोलले तर म्हणतील, आधी स्पर्धा काढली, आता उपदेश करतात. तुमची फाईल बघत होते मी. दर वर्षीच्या तपासणीत तुमचं वजन उतरलेलं आहे, साखरही जागेवर आली. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

"मग आता मी विचारतेय. दर शनिवारच्या वजनाचा नियम बदलायचा तर गटांना पटायला हवं. मी वरून लादणार नाही. पण जे पुढं आहेत तेच ऐकणार नाहीत. तुमची जाऊ तर मुळीच नाही."

मोठी केबिनमधून बाहेर आली तेव्हा तिला आधी झाला तो आनंद. दोन वर्षांनी कुणीतरी पाहिलं होतं, मग ते फाईलमध्ये का असेना. आनंदामागून लगेच दुसरी गोष्ट आली. तिला शनिवार दिसला. सगळे समोर बसलेले, धाकटी पुढं, आणि आपण बोलतोय, आणि धाकटीचा तो ओढलेला चेहरा हळूहळू उतरतोय. हे चित्र तिनं बराच वेळ पाहिलं. मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिला काय हवं होतं? धाकटीनं खावं, हे? की धाकटीनं हरावं? दोन्ही एकाच वाक्यानं साधत होतं, म्हणून वाक्य जुळवणं अवघड जात होतं. रात्री ओट्यापाशी उभी राहून ती शब्द पुटपुटायची आणि प्रत्येक शब्द चाखून बघायची. यात औषध किती, विष किती. आणि हे धाकटीला कळल्याशिवाय राहणार नाही. एकदा कळलं की ती एक घास खाणार नाही, उलट हट्टाला पेटेल. ती तशीच होती. मग कुठल्यातरी शनिवारी तीही खाली बसेल, आणि कदाचित नुसती बसणार नाही, डोकं आपटून पडेल.

शुक्रवारी संध्याकाळी ड्रायरमागच्या बोळात मोठी टॉवेलांची टोपली आणायला गेली. ती जागा भट्टीसारखी तापते, तिथं कुणी थांबत नाही. तिथं धाकटी उभी होती. अंगात धुलाईवाल्यांचा प्लास्टिकचा एप्रन, त्यावर दुसरा. केस कपाळाला चिकटलेले. भिंतीला पाठ लावून डोळे मिटलेले.

"काय करतेस इथं?"

धाकटीनं डोळे उघडले. "काही नाही. उद्या वजन आहे."

"घाम काढतेस?"

"सगळेच काढतात, ताई. गाडीवाले तर गाडीत काचा लावून बसतात."

"पाणी प्यालीस का सकाळपासून?"

"उद्या पिईन. वजन झालं की."

"बाहेर ये."

"आलेच."

"आत्ता ये म्हणते ना!"

धाकटी बाहेर आली, पण जाता जाता हळूच म्हणाली, "तुम्हाला बघवत नाही, ताई, मला माहीतेय." आवाजात राग नव्हता. थकवा होता फक्त. मोठीनं टोपली उचलली. ती रोजच्यापेक्षा जड लागली. त्या रात्री तिनं जुळवलेलं सगळं भाषण टाकून दिलं.

शनिवारी गाड्या भरायच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. काही उलट्या क्रेटवर, काही घड्यांच्या टेबलाला टेकून. ओठ सुकलेले, चेहरे चिडलेले. काटा मध्यभागी. मोठी त्याच्या शेजारी उभी राहिली, कारण उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

"बोला ताई, पण लवकर," ड्रायव्हर म्हणाला. "इथं लोक तहानेनं मेलेत."

"त्याचंच बोलायचंय," मोठी म्हणाली. "मला एक सांगा. हॉटेलवाल्याच्या बिलात आपण कुठलं वजन लावतो? ओलं की कोरडं?"

"कोरडं," दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"का?"

"कारण पाण्याचे पैसे तो कशाला देईल?" ड्रायव्हर म्हणाला.

"बरोबर. चादर पिळली की हलकी होते. म्हणून कापड कमी झालं असं आपण म्हणतो का? आणि आपण सगळे काल त्या बोळात उभं राहून काय करत होतो? स्वतःला पिळत होतो." कुणीतरी हसलं. "काट्यावर आकडा उतरला. ड्रायव्हरनं वाचला, आपण टाळ्या वाजवल्या. रात्री दोन तांबे पाणी प्यालो, उतरलेलं पुन्हा चढलं. चरबी होती तिथंच आहे. तिला पत्ताही नाही की आपली स्पर्धा चालू आहे."

आता जास्त जण हसले. धुलाईतला तो चक्कर आलेला माणूस मान खाली घालून हसला.

"आणि उपाशी राहिल्यानं उतरतं, मी नाही म्हणत नाही. पण नुसती चरबी नाही उतरत, त्याबरोबर मांसही जातं. ओल्या टोपल्या उचलतो ना आपण, ते ज्यानं उचलतो ते. मग स्पर्धा संपते. भूक संपत नाही. ती साठून राहते. आणि आपण असं खातो की गेलेलं सगळं परत येतं, आणि येताना पाहुणे घेऊन येतं."

"आमच्याकडं आलेत पाहुणे, ताई!" मागून एक बाई ओरडली. "गेल्या वर्षापासून राहिलेत!"

"मग करायचं काय?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं. "जन्मभर थांबायचं?"

"आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी खूप झालं. एखाद्या आठवड्यात काहीच नाही उतरणार. तेव्हा घाबरायचं नाही. पोटभर भाजी, कडधान्य, अंडं जे चालेल ते. गोड आणि तळलेलं कमी, पण बंद नाही, कारण बंद केलेलं माणूस चोरून खातं. चालायचं. झोपायचं. आणि पाणी प्यायचं, हो, इथल्या उकाड्यात तर प्यायचंच. ज्यांना साखरेची, बीपीची गोळी चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. आकडे मोजायचेच असतील तर गटात किती जण रोज चालले ते मोजा. कमरेला टेप लावा. काटा महिन्यातून एकदा पुरे."

"ताई, तुमचं किती उतरलं?" ड्रायव्हरनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"चौदा किलो."

"कधी?" जोडीदारणीनं विचारलं. तीच, जी रोज चादरीच्या दुसऱ्या टोकाला असायची.

"तुझ्यासमोर. दोन वर्षांत."

लोक हसले, पण आता वेगळं हसले. तिच्याकडं पाहत होते. वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच. मोठीला ते अंगभर ऊन आल्यासारखं वाटलं. एवढ्यात पुढच्या क्रेटवरून धाकटी उठली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"मी पुढं नसते तर तुम्ही हे बोलला असता?"

मोठीला उत्तर माहीत होतं. ते देण्याजोगं नव्हतं. 'तुझ्या काळजीपोटी बोलते' असं म्हणता आलं असतं, आणि तेही निम्मं खरं होतं. पण निम्मं खरं धाकटीनं लगेच ओळखलं असतं.

"नसते बोलले," मोठी म्हणाली. "जळते मी तुझ्यावर. तीन आठवडे झाले, नीट झोपले नाही. तुझं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. तू हरावीस असं मला वाटतं. झालं? आता तेवढं बाजूला काढून ठेव आणि बाकीचं बघ, त्यात काही खोटं आहे का. माझं मन काळं आहे म्हणून पाणी वाईट होत नाही. तुझी बोटं थरथरतात. घड्या वाकड्या पडतात तुझ्या. तू कधी वाकडी घडी घातली होतीस का?"

धाकटीनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग मान हलवली, पण नाही म्हणून की हो म्हणून, ते कळलं नाही. ती क्रेटवरून उतरली आणि गर्दीतून मागं गेली. ती निघूनच गेली असं सगळ्यांना वाटलं. पण ती भिंतीपाशी असलेल्या पाण्याच्या कूलरशी थांबली. ग्लास भरला, प्याली. दुसरा भरला, प्याली. तिसऱ्याला तिला ठसका लागला. ती परत आली ती सरळ काट्यावर चढली.

"वाचा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

ड्रायव्हरनं वाकून पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "वाढलंय. गेल्या शनिवारपेक्षा."

"वाढू दे. मोठ्यानं वाचा."

त्यानं मोठ्यानं वाचलं. टाळ्या सुरू झाल्या. आधी घड्यांच्या टेबलावरून, मग सगळीकडून. कुणी शिट्टी मारली. धुलाईतले लोक कूलरकडं धावले, ग्लासांवरून ढकलाढकली सुरू झाली. गाडीवाल्यांनी आपापल्या बाटल्या उघडल्या. आता नियम बदलायला कुणाला विचारायची गरजच उरली नव्हती.

मॅडमनी धाकटीला कुशीत घेतलं. "काय दिलदार मुलगी आहे!" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "जिंकत असताना सोडायला हिंमत लागते. मी सांगते, फोटो हिचाच लावायचा. आणि नव्या स्पर्धेची पुढारी हीच."

"हीच!" लोक म्हणाले.

"अहो, मी काय केलं," धाकटी ओल्या ओठांनी हसत म्हणाली. ती पुन्हा सुंदर दिसत होती. उलट, आता जास्तच. तिनं गर्दीवरून मोठीला शोधलं आणि हात वर केला. "ताई, या ना इकडं!"

जोडीदारणीनं मोठीचं कोपर धरलं. "जा ना, बोलावतेय ती. किती बरं झालं बघा!"

बरं झालंच होतं. मोठीला ते कळत होतं. धाकटी आज जेवणार होती, घरी जाऊन ताट भरून घेणार होती, आणि कदाचित म्हणणार होती, ताई, तुमच्यामुळं. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. पण कौतुक ज्या हातांत जायचं होतं त्यांत न जाता पुन्हा धाकटीच्याच हातांत गेलं होतं. आणि त्या टोकदार गोष्टीला, जी आत येऊन बसली होती, खरं बोलल्यानं काही झालं नव्हतं. ती तिथंच होती. उलट, आता तिला सगळे ओळखत होते.

मोठीनं जोडीदारणीच्या हातातून कोपर सोडवून घेतलं. टाळ्या अजून चालू होत्या. तिनं खुंटीवरची पिशवी काढली, ट्रॉल्यांच्या मधून वाट काढली, आणि कुणाशीही एक शब्द न बोलता दाराबाहेर निघून गेली.